फटफटीचा स्वभाव: एक सिलिंडर, दोन सिलिंडर आणि 'व्ही'

एफसी रोडच्या सिग्नलला डोळे मिटून उभे राहा. (फूटपाथवर बरं का, रस्त्यावर नाही!) डावीकडे एक बुलेट डग-डग करत उभी आहे. तिच्या मागे एखादी इंटरसेप्टर, जरा अडखळल्यासारखा पण गुबगुबीत आवाज. आणि नशिबात असेल तर एखादी हार्ली, जी एका जागी उभी राहूनही घोड्यासारखी हलते. गाडी न बघता तुम्ही तिन्ही ओळखाल. मग प्रश्न असा, की नेमकं काय ओळखलंत तुम्ही? सायलेन्सर? सीसी? की ब्रँड?

यातलं काहीच नाही. तुम्ही ओळखलंत ते आत किती पिस्टन आहेत, ते कुठल्या कोनात बसलेत आणि एकमेकांच्या पाठोपाठ कधी पेटतात हे. बाइकचा 'कॅरेक्टर' नावाचा जो शब्द रविवारी सकाळी लोणावळ्याच्या चहाच्या टपरीवर उडत असतो, त्याचा निम्माअधिक अर्थ इथेच आहे. उरलेला अर्थ म्हणजे लोणावळ्याला पोहोचेपर्यंत तुमच्या बोटांना मुंग्या येतात की नाही.

आणि हा विषय पुण्यात बोलायचा नाही तर कुठे? आकुर्डी-चाकण पट्ट्यात बजाजने स्वतःच्या सिंगल तर बनवल्याच, पण केटीएमच्या ड्यूकही तिथूनच जगभर गेल्या. २००९ मध्ये कावासाकीची निन्जा २५०आर बजाजने इथेच जोडून विकायला काढली, ती पॅरलल ट्विन. आणि व्ही-ट्विन? तीही आपल्याच आसपासची. पुण्याच्या कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगची अक्विला आणि कॉमेट या २५० सीसीच्या व्ही-ट्विन भारतात आणल्या, पुढे २०११ मध्ये गरवारेंनी आणि मग डीएसकेने ह्योसंग वाईच्या कारखान्यात जोडल्या. म्हणजे तिन्ही जातींची इंजिनं चाकण ते वाई एवढ्याच टापूत जोडली गेली आहेत. एका दिवसात स्कूटीवर फिरून येता येईल.

धक्के दोन प्रकारचे

सगळा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. 'गाडी व्हायब्रेट होते' असं आपण सरसकट म्हणतो, पण इंजिनातून येणारे धक्के दोन वेगळ्या जातीचे असतात.

पहिला पेट्रोल पेटण्याचा ठोका. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश. सिंगलला या ७२० अंशांत एकच ठोका, बाकी वेळ फ्लायव्हीलच्या पुण्याईवर. ३००० आरपीएमला हे ठोके सेकंदाला २५. दोन सिलिंडर असले की ५०. हा ठोका तुम्हाला सीटवर आणि चेनमध्ये जाणवतो. लक्ष्मी रोडच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये २० च्या स्पीडला सिंगल जी आचके देते, चेन खडखडते, तो हाच.

दुसरा धक्का पेट्रोलशी संबंधितच नाही. तो पिस्टनच्या वजनाचा. पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरून खाली येतो, पुन्हा थांबतो. पीएमपीच्या बसमध्ये ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभ्या लोकांचं जे होतं, तेच पिस्टन इंजिनाचं करतो. प्रत्येक फेरीत, वरही आणि खालीही. स्पार्क बंद करून नुसतं इंजिन फिरवलं तरी हा धक्का असतोच. हँडल, फूटरेस्ट आणि आरशात दिसतो तो बहुतेक हाच.

किती मोठा असतो? आकडा काढून बघू, मजा येते. रॉयल एनफील्डच्या आताच्या ३५० सीसी इंजिनाचा स्ट्रोक ८५.८ मिमी आहे. पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून वजन समजा ४०० ग्रॅम. (हा माझा सोयीचा अंदाज, हिशोब समजायला पुरेसा.) ३००० आरपीएमला हा पिस्टन वरच्या टोकाला दिशा बदलतो तेव्हा साधारण १७० किलोच्या वजनाएवढा धक्का देतो. आरपीएम दुप्पट करा, ६०००. धक्का दुप्पट नाही होत, चौपट होतो: जवळजवळ ६९० किलो! आणि तोही सेकंदाला १०० वेळा वर, १०० वेळा खाली.

जी सिंगल ६० च्या स्पीडला मखमल वाटते ती ९० ला दात का वाजवते, याचं उत्तर या 'चौपट'मध्ये आहे. गाडी बिघडलेली नसते. स्पीड दीडपट झाला, म्हणून धक्का सव्वादोनपट झाला.

सिंगल: एकटा जीव

मग एवढा ६९० किलोचा हातोडा चालू असताना सिंगल चालवणारी माणसं कोसळत कशी नाहीत? कारण कंपन्या तो मारतात. कसा मारतात ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या दोन्ही इंजिनांचं गुपित त्यातच आहे.

पहिली युक्ती जुनी. क्रँकच्या विरुद्ध बाजूला एक वजन लावायचं, काउंटरवेट. पिस्टन वर जातो तेव्हा हे वजन खाली. पण घोटाळा असा, की पिस्टन फक्त वर-खाली जातो आणि वजन मात्र गोल फिरतं. पिस्टनएवढंच वजन लावलं तर वर-खालीचा धक्का गेला, पण तेवढाच नवा धक्का पुढे-मागे तयार झाला. आगीतून फुफाट्यात. म्हणून तडजोड म्हणून साधारण अर्ध्या पिस्टनएवढं वजन लावतात. आता वर-खाली अर्धा धक्का, पुढे-मागे अर्धा. जुन्या बुलेट असंच जगल्या. तिच्या धडधडीवर प्रेम करणारे करोत. ही तडजोड आहे, तत्त्वज्ञान नव्हे.

दुसरी युक्ती बॅलन्सर शाफ्ट. क्रँकच्या शेजारी एक छोटा शाफ्ट, त्यावर उरलेल्या अर्ध्याचं वजन, आणि तो क्रँकच्याच वेगाने पण उलट दिशेने फिरतो. पिस्टन वर असताना क्रँकचं अर्धं वजन आणि शाफ्टचं अर्धं वजन दोन्ही खाली: धक्का फिट्टंफाट. पाव फेरीनंतर एक वजन पुढे, दुसरं मागे: त्यांचं आपापसात फिट्टंफाट. मूळ धक्का कागदावर शून्य! एनफील्डने २०२० मध्ये मीटिऑरबरोबर आणलेल्या नव्या ३५० इंजिनात हा शाफ्ट दिला आणि बुलेटवाल्या काकांनी 'आता ती मजा नाही राहिली' म्हणून उसासे टाकले. केटीएम ३९० मध्येही बॅलन्सर आहे. ट्रायम्फची स्पीड ४००, जी २०२३ मध्ये बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून आली, तीही सिंगल आहे आणि बॅलन्सरशिवाय ती कोणी घेतलीच नसती.

मग बुलेट आणि ड्यूक दोन्ही सिंगल असून इतक्या वेगळ्या का? फ्लायव्हील आणि स्ट्रोकमुळे. ३५० चा बोर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे उंच, किडकिडीत सिलिंडर. पहिल्या ३९० चा बोर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०, म्हणजे रुंद, बुटका. लांब स्ट्रोकला जड फ्लायव्हील दिलं की दोन ठोक्यांमधली दरी ते भरून काढतं. गाडी १५०० आरपीएमलाही डुलत पुढे जाते. ड्यूकचं फ्लायव्हील हलकं, म्हणून ती चटकन वर चढते, पण ३००० च्या खाली चौथ्या गिअरमध्ये तिला नेलंत तर ती तुमच्यावर रागावते. दोघींनाही एक सिलिंडर आहे, पण एक म्हैस आहे आणि दुसरी मांजर.

पॅरलल ट्विन: दोघं शेजारी

आता दोन पिस्टन एका ओळीत शेजारी ठेवू. इथे सगळा खेळ एकाच प्रश्नाचा: दोघांमध्ये कोन किती?

सगळ्यात जुनं उत्तर ३६० अंश. दोन्ही पिस्टन एकत्र वर, एकत्र खाली, पण आळीपाळीने पेटतात. १९३७ सालच्या ट्रायम्फ स्पीड ट्विनचं इंजिन असं होतं आणि त्याच्या यशामुळे पुढे निम्म्या इंग्लंडने तेच केलं. ठोके अगदी समान अंतराने, म्हणून चालवायला मऊ. पण वजनाच्या बाबतीत? दोघं एकत्र उड्या मारणार म्हणजे ती दुप्पट जड पिस्टनची सिंगलच. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नटबोल्ट रस्त्यात गळायचे, ते उगाच नाही.

दुसरं उत्तर १८० अंश. एक वर, एक खाली. वाटतं, झालं काम! मूळ धक्के एकमेकांना खातात खरे, पण दोघं शेजारी-शेजारी आहेत, एका रेषेत नाहीत. सी-सॉच्या दोन टोकांना दोन मुलं बसल्यावर फळीचं जे होतं, तसं इंजिन डावी-उजवीकडे डोलायला बघतं. निन्जा २५०आर अशी होती, आणि तो डोल मारायला तिच्यातही बॅलन्सर होता. आपली लाडकी राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, तीही १८० अंशाचीच, फक्त टू स्ट्रोक. म्हणून तिचे ठोके समान पडायचे. फोर स्ट्रोकमध्ये मात्र १८० चे ठोके लागोपाठ दोन आणि मग मोठा श्वास: १८० अंश, ५४० अंश, १८०, ५४०. निन्जा हळू चालवताना जी रिकामी, घरघरणारी वाटायची, ते यामुळे. तिला ७००० च्या वर न्यायचं आणि मग बोलायचं.

वर नेलं की तिचा दुसरा गुण दिसतो, जो मी आतापर्यंत मुद्दाम बाजूला ठेवला होता. पिस्टनचा एक बारीक धक्काही असतो. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरचा अर्धा प्रवास खालच्या अर्ध्यापेक्षा घाईत करतो. या घाईमुळे मूळ धक्क्याच्या साधारण पाव भागाएवढा, पण फेरीला दोनदा येणारा एक उपधक्का तयार होतो. ६००० आरपीएमला तो सेकंदाला २०० वेळा. आता योगायोग बघा: आपल्या बोटांच्या कातडीखालचे जे संवेदक कंप पकडतात, ते साधारण याच २००-३०० च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतात. म्हणजे धक्का छोटा, पण नेमका नस पकडणारा. १८० अंशाच्या ट्विनमध्ये हे उपधक्के एकमेकांना खात नाहीत, बेरीज होते. सिंगलची धडधड अंगाला जाणवते, अशा ट्विनची 'बझ' बोटांना. हायवेवर एक तासानंतर ग्लोव्हज काढल्यावर बोटं झोपलेली असतात ना, ती हीच.

तिसरं उत्तर २७० अंश. यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स ८५० ला ते दिलं आणि आज जिथे बघाल तिथे तेच आहे. एनफील्डच्या २०१८ च्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीचं ६४८ सीसी इंजिन याच कोनाचं. इथे एक पिस्टन टोकाला दिशा बदलत असतो तेव्हा दुसरा मधोमध सुसाट असतो. दोघं कधीच एकदम थांबत नाहीत. यामुळे तो बोटं झोपवणारा उपधक्का दोघांमध्ये कटून जातो. मूळ धक्का मात्र उरतो, एका पिस्टनच्या सुमारे १.४ पट, म्हणून इंटरसेप्टरमध्येही बॅलन्सर लागतोच. आणि ठोके पडतात २७० अंश, ४५० अंश, २७०, ४५०. लंगडी घातल्यासारखे. सिग्नलला तुम्ही डोळे मिटून ओळखला तो आवाज.

पण ही लंगडी नवीन नाही. ती उसनी आणलेली आहे. कुणाकडून? पुढच्याकडून.

व्ही-ट्विन: फुकटचं संतुलन, महागडं शरीर

दोन सिलिंडर ९० अंशाच्या 'व्ही' मध्ये, दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर. डुकाटीचं हे घराणं, सुझुकीच्या एसव्ही ६५० चं, आणि वाईत जोडल्या गेलेल्या ह्योसंग जीटी ६५०आर चंही. एक पिस्टन टोकाला, धक्का पूर्ण. दुसरा मधोमध, धक्का शून्य. पाव फेरीनंतर उलट. पण २७० च्या पॅरलल ट्विनमध्ये दोघंही एकाच दिशेत वर-खाली होते. इथे त्यांच्या दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. म्हणून दोघांच्या धक्क्यांची बेरीज वर-खाली न उडता, एकाच मापाची राहून नुसती गोल फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी.

आणि गोल फिरणाऱ्या धक्क्याला काय लागतं? गोल फिरणारं वजन! तेच आपलं जुनं काउंटरवेट, यावेळी अर्धं नाही, पूर्ण. पुढे-मागेचा घोटाळा नाही, तडजोड नाही, बॅलन्सर शाफ्ट नाही. जी गोष्ट सिंगलला आणि पॅरलल ट्विनला जास्तीचा शाफ्ट आणि गिअर लावून विकत घ्यावी लागते, ती ९० च्या व्हीला भूमितीने आंदण दिलेली आहे. बारीक उपधक्का थोडा उरतो, तो उरू दे.

मग सगळे व्ही-ट्विनच का नाही बनवत? पैसे आणि जागा, बॉस. व्हीला हेड दोन, टायमिंग चेन दोन, कॅमचा संच दोनदा. पॅरलल ट्विनला एकाच हेडमध्ये सगळं. शिवाय ९० ची व्ही पुढे-मागे लांब पसरते, पुढचा सिलिंडर चाकाकडे सरकतो आणि फ्रेम बनवणाऱ्याचं डोकं दुखतं. आणि मागचा सिलिंडर? तो तुमच्या मांड्यांखाली. एप्रिलमध्ये शिवाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढून बघा, मग सांगा रोमान्स किती उरला. म्हणूनच कंपन्यांनी व्हीची लंगडी चाल २७० च्या क्रँकने उचलली आणि शरीर मात्र पॅरलल ट्विनचं स्वस्त ठेवलं.

व्ही लहान करायची, तर कोन कमी करावा लागतो आणि कोन कमी केला की फुकटचं संतुलन जातं. ह्योसंगची २५० ची व्ही ७५ अंशाची, ९० च्या जवळ, म्हणून तिचं बरं चाललं. हार्लीची पारंपरिक ४५ अंशाची. दोन्ही सिलिंडर जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून बसलेले, त्यामुळे मूळ धक्का भरपूर उरतो. हार्लीने १९८० मध्ये त्यावर इंजिन रबरावर टांगण्याचा उपाय काढला: हलू दे इंजिनाला, माणूस हलता कामा नये. पुढे २००० पासून काही मॉडेल्सना बॅलन्सर दिले. पण ठोक्याचा ताल तोच राहिला, ३१५ आणि ४०५ अंश. तो ताल ऐकायला लोक पैसे मोजतात, आणि माझी काही तक्रार नाही. फक्त 'व्ही-ट्विन स्मूद असते' असं कोणी सरसकट म्हणालं, तर त्याला विचारा, कितव्या अंशाची?

आणि जेव्हा धक्का स्वभावाचा नसतो

आता कामाचं. गाडी व्हायब्रेट होतेय, हा तिचा स्वभाव की आजार, हे कसं ओळखायचं?

माझ्या एका मित्राने सांगवीतून सेकंडहँड सिंगल घेतली, बॅलन्सरवाली, चांगली चाललेली. सहा महिन्यांनी क्लचच्या बाजूला काम निघालं म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये तिचं इंजिन खोललं गेलं. परत आल्यावर ६० पर्यंत ठीक, पण त्याच्या वर फूटरेस्टला मुंग्या आणि आरशात मागचा ट्रक नुसता धुरकट डाग. पठ्ठ्याने आधी टायर बदलला. मग चेन-स्प्रॉकेट. मग बेअरिंग. आठ-नऊ हजार गेले, मुंग्या तिथेच. शेवटी नाना पेठेतल्या एका काकांकडे आम्ही दोघं गेलो. काकांनी पाना हातात घेण्याआधी दोनच गोष्टी केल्या.

पहिली: बायपासला ७० ला गाडी नेली, क्लच दाबला, थ्रॉटल सोडला आणि तशीच वाहू दिली. कंप गायब. "ताई, चाक तर तेवढ्याच वेगात फिरतंय ना? मग चाकाचा दोष कसा?" टायर, रिम, बेअरिंग एका फटक्यात निर्दोष सुटले. दुसरी: गाडी मेन स्टँडला, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस वाढवली. ४५०० च्या आसपास फूटरेस्ट पुन्हा गुणगुणायला लागले. म्हणजे चेन नाही, गिअर नाही. इंजिन स्वतःच. मग त्यांनी इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट एकेक तपासले, कारण सिंगलवर ते सैल होतात आणि नव्वद टक्के वेळा चोर तिथेच सापडतो, असं त्यांचं म्हणणं. सगळे घट्ट.

"मग आता एकच उरलं," म्हणून त्यांनी साइडचं कव्हर उघडलं. क्रँकचा गिअर आणि बॅलन्सरचा गिअर, दोन्हीवर कारखान्याने एकेक टिंब मारलेलं असतं. टिंबासमोर टिंब यायला हवं. इथे एक दात पुढे होतं.

एका दाताने काय होतं? समजा त्या गिअरला ३० दात आहेत. एक दात म्हणजे १२ अंश. बॅलन्सरचं वजन यायला हवं त्यापेक्षा १२ अंश उशिरा किंवा लवकर येतं, आणि त्याने मारायच्या धक्क्याचा साधारण पाचवा हिस्सा न मारलेला राहतो. आपल्या मघाच्या ३५० च्या हिशोबात ४५०० आरपीएमला बॅलन्सरच्या वाट्याला येतो सुमारे १९५ किलोचा धक्का. त्याचा पाचवा हिस्सा ४० किलो. कारखान्यातून निघाली तेव्हा यातला जवळजवळ काहीच नव्हता. आता सेकंदाला ७५ वेळा ४० किलोचा हातोडा इंजिन बोल्टवर पडतोय, आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतोय. ६० पर्यंत ठीक आणि पुढे असह्य, याचं कोडं सुटलं. टिंब जुळवलं, नवीन गॅस्केट टाकलं, कव्हर लावलं, दुपारचे दोन वाजायच्या आत काम संपलं. (पुण्यात हे स्वतंत्र आश्चर्य.)

म्हणून बॅलन्सरवाल्या गाडीचं इंजिन खोललं जाणार असेल, मग ती सिंगल असो की इंटरसेप्टरसारखी ट्विन, तर जोडताना टिंब जुळवलेलं फोटोत मागून घ्या. कव्हर बंद झाल्यावर ते कोणालाच दिसत नाही. कारण गाडी सुरू होते, पळते, पिकअपही तोच असतो. फक्त हलते. आणि हलते तेव्हा मेकॅनिक तुम्हालाच ऐकवतो की सिंगल आहे, एवढं चालायचंच.

नवी घेताना मात्र शोरूमच्या गल्लीतल्या दोन चकरांवर जाऊ नका. ठोका तिथे कळतो, बझ कळत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला असताना थ्रॉटल उघडा: चेन आपटते का, इंजिन खांदे उडवतं का, हे पेट्रोलच्या ठोक्याचं उत्तर. मग तिला देहू रोडच्या पुढे जुन्या हायवेवर न्या आणि तुम्ही एरवी ज्या स्पीडने जाता त्याच स्पीडला सलग २० मिनिटं धरा. तुमचा स्पीड, तिच्या कमालीचा नाही. कारण प्रत्येक गाडीच्या हँडलची स्वतःची एक कंपसंख्या असते आणि ती ज्या आरपीएमला इंजिनाशी जुळते तिथेच हँडल झणझणतं. त्याच्या ५०० वर किंवा खाली सगळं शांत. ती पट्टी तुमच्या रोजच्या ८० वर पडत असेल तर वैताग, १०५ वर पडत असेल तर तुम्हाला कधी कळणारही नाही. घेतल्यावर कळलं, तर हँडलच्या टोकाला जरा जड वजनं लावून ती पट्टी थोडी खाली सरकवता येते. इंजिनाचा धक्का त्याने कमी होत नाही, फक्त तो दुसऱ्या स्पीडला भेटायला येतो.